नाल्याकाठची अवजारांची खोली: मातीच्या नोंदी

काकांची शेती नागपूर–काटोल रस्त्याच्या आतल्या बाजूला, कळमेश्वर तालुक्यात आहे. संत्र्याची बाग, थोडी तूर, एक विहीर आणि बांधाला लागून नाला. त्यांना ठिबकाचा फिल्टर, फवारणीचे पंप आणि खतं ठेवायला १२ बाय १० फुटांची पक्की खोली हवी आहे. वर स्लॅब आणि स्लॅबवर ५,००० लिटरची टाकी. मी सिव्हिलवाला असल्यामुळे नकाशापासून हिशेबापर्यंत सगळं माझ्या गळ्यात पडलं. शहरातल्या साइटवर माती तपासायला एजन्सी असते, इथे मीच. म्हणून वही धरली.

१३ एप्रिल

जागा पाहिली. काकांनी चार खुंट्या ठोकूनच ठेवल्या होत्या, नाल्याच्या काठापासून तीन मीटरवर. कारण साधं आहे: विहीर तिथे जवळ, वायर कमी लागते आणि तेवढ्यात झाडं नाहीत. तिथे झाडं का नाहीत, हा प्रश्न मला घरी परत येताना पडला.

काकांचं म्हणणं, "जमीन पाहून रायला ना? सब्बल मारली तं हात झणझणते. याच्यावर दोन मजले चढव."

खरंच हाताला झिणझिण्या आल्या. एप्रिलची काळी माती विटेसारखी असते. खिशातलं पेनेट्रोमीटर सोबत होतं. स्प्रिंगचं छोटं उपकरण, दांडी मातीत दाबायची आणि काटा वाचायचा. काटा ४.५ किलो प्रति चौ.सें.मी.ला जाऊन अडला, म्हणजे त्याच्या मोजपट्टीच्या शेवटाला. या आकड्याच्या निम्मी ती मातीची कातर ताकद, म्हणजे घसरण्याला विरोध करायची ताकद. ती आली २२ टन प्रति चौ.मी.च्या वर. चिकण मातीला ओल्या, न निचरलेल्या अवस्थेत पाया किती पेलेल हे काढायचं तर कातर ताकदीला ५.१४ ने गुणतात आणि सुरक्षिततेसाठी ३ ने भागतात. उत्तर आलं ३८ टन.

३८ टन हा आकडा मी वहीत लिहिला आणि त्यावर मोठी फुली मारली. ही ताकद मातीची नाही, उन्हाची आहे.

१४ एप्रिल

आधी खोलीचं वजन किती ते बघू. नाहीतर मातीकडून काय मागतोय तेच कळत नाही.

९ इंची विटांची भिंत, तीन मीटर उंच, एका धावत्या मीटरला १.३ टन. चारही बाजू मिळून १३.२ मीटर, म्हणजे १७ टन. स्लॅब, त्यावरचं वॉटरप्रूफिंग आणि माणसांचा भार धरून ८ टन. पाणी ५ टन, टाकी आणि तिचा ओटा अर्धा टन. भिंतींखालचा प्लिंथ बीम सव्वादोन टन. बेरीज ३३ च्या आसपास, मी ३४ धरले. भिंतीखाली दोन फुटांचा सलग पाया दिला तर मातीवर चार-साडेचार टन प्रति चौ.मी. इतकाच दाब येतो. ट्रॉली भरून संत्री नेताना टायरखालचा दाब याच्या कितीतरी पट असतो.

म्हणजे खोली फार हलकी आहे. काळ्या मातीत हलकं असणं हा गुण नाही, पण ते पुढे येईलच.

२० एप्रिल

खुंट्यांच्या मधोमध तीन फूट खोल खड्डा करून ठेवायला सांगितलं होतं. बुधवारपासून काकांनी त्यात ठिबकाची नळी सोडून ठेवली होती. आज पाणी उपसून तळ साफ केला, वरचा चिखल खरवडून काढला आणि त्याखालच्या भिजलेल्या मातीत पेनेट्रोमीटर दाबलं. पाच ठिकाणी वाचन घेतलं: ०.६, ०.७, ०.७, ०.८, ०.७.

०.७ धरलं तर कातर ताकद ३.५ टन प्रति चौ.मी. तेच गणित, ५.१४ ने गुणून ३ ने भागलं की ६ टन. तीच जमीन, तेच उपकरण. एका आठवड्यात ३८ चे ६ झाले. हे उपकरण ओबडधोबड आहे, त्याच्या एकेका आकड्यावर पाया बांधू नये. पण सहापट फरक उपकरणाच्या चुकीचा नसतो.

मिस्त्री सोबत होता. म्हणाला, "६ टन तं पुरते ना साहेब, तुमचं चार-साडेचारच हाय." हिशेब त्याचा बरोबर आहे. नुसतं वजन पेलायचं असतं तर इथे काम संपलं होतं.

येताना खड्ड्यातली दोन किलो माती पिशवीत भरून आणली.

२३ एप्रिल

घरच्या गच्चीवर फुगवट्याची चाचणी. माती भट्टीत वाळवायची, ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळायची आणि १० ग्रॅमचे दोन भाग करायचे. दोन १०० मि.ली.ची मोजपात्रं घ्यायची. एकात पाणी, दुसऱ्यात रॉकेल. माती टाकून, ढवळून, हवेचे बुडबुडे जाऊ देऊन २४ तास ठेवायचं. रॉकेलमध्ये माती फुगत नाही, पाण्यात फुगते. फरक किती टक्के ते काढलं की झालं.

सकाळी वाचलं: रॉकेलमध्ये ११, पाण्यात १७. म्हणजे ५५ टक्के. ५० ते १०० ला मध्यम म्हणतात. मला हायसं वाटलं. मग आठवलं की पाणी बोअरचं वापरलं होतं.

ही चूक कॉलेजात सरांनी फळ्यावर लिहून सांगितली होती. क्षारांच्या पाण्यात काळी माती नीट फुगत नाही, कमी फुगवटा दाखवते. पेट्रोल पंपाजवळच्या बॅटरीवाल्याकडून डिस्टिल्ड वॉटरची बाटली आणली आणि पुन्हा लावलं.

२४ एप्रिल

पाण्यात २३.५. फुगवटा ११४ टक्के. १०० च्या वर गेली की ती माती धोक्याच्या वर्गात जाते.

एका ओळखीच्या प्रयोगशाळेत शेतातून न मोडता काढलेला नमुना दिला. आपल्या आकारापेक्षा जास्त होऊ न देता मातीला पाणी पाजलं तर ती वर किती जोर लावते, हे तिथे मोजतात.

२ मे

अहवाल आला. फुगण्याचा दाब ११ टन प्रति चौ.मी.

आता दोन आकडे शेजारी ठेवतो. खोली मातीवर साडेचार टनांनी दाबते. माती भिजताना ११ टनांनी वर ढकलू शकते. म्हणजे पावसाळ्यात ही खोली खचणार नाही, उचलली जाईल. आणि ती सगळीकडून सारखी उचलली जात नाही. बाहेरच्या कडेला पाणी आधी पोचतं, खोलीखालची माती कोरडीच राहते. कोपरे वर, मध्य खाली. दिवाळीनंतर उलट: कडा आधी वाळतात. आजूबाजूच्या शेतांतली जुनी पंपघरं बघा, दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघालेल्या असतात आणि दार पावसाळ्यात अडकतं. मिस्त्री प्लास्टर भरून जातो, पुढच्या वर्षी भेग तिथेच परत.

तीन-चार मजली इमारतीला हा त्रास कमी होतो, कारण ती आपल्या वजनानं मातीला दाबून ठेवते. पंपघर, कुंपणाची भिंत, गोठा, यांना ते जमत नाही.

उपाय दोन. मातीची हालचाल जिथपर्यंत पोचते त्याखाली पाया न्यायचा, किंवा अंडररीम पाइल करायच्या, म्हणजे खोल भोकात ओतलेले, तळाशी बल्बसारखे फुगीर काँक्रीटचे खांब. पाइलचं यंत्र एका खोलीसाठी आणणं परवडत नाही. मुरूम किती खोल आहे त्यावर सगळं ठरेल. नागपूरच्या पश्चिमेला काळ्या दगडाचा पट्टा आहे, त्यामुळे तो कधी ना कधी लागतोच.

४ मे

खोलीच्या जागी खोल खड्डा घ्यायला लावला. दीड मीटरच्या वर गेल्यावर खणलेली माती काठापासून लांब टाकायला सांगितली आणि खड्ड्यात एका वेळी एकच माणूस. कोरड्या काळ्या मातीची भिंत भेगांवरून अचानक सुटते, कुरकुरत नाही.

१.७ मीटरवर मिस्त्री वरून ओरडला, "मुरूम लागला!" खाली पाहिलं तर पिवळट, खडे असलेला, टिकासीला ठणठणणारा थर. सगळे खूश. मजूर चहाला गेले.

मी मुठीएवढा गोळा उचलून बादलीतल्या पाण्यात टाकला. पाच मिनिटांत कडा सुटल्या, पंधरा मिनिटांत बादलीत पिवळा चिखल आणि तळाला चुनखडीचे खडे. हा मुरूम नाही. काळी माती आणि मुरूम यांच्यामधली चुनखडीची पिवळी माती आहे. कोरडी असताना फसवते. यावर पाया टाकला असता तर काळ्या मातीवर टाकल्यासारखंच झालं असतं.

चहा झाल्यावर आणखी ६० सें.मी. खणलं. २.३ मीटरवर टिकासीचा आवाज बदलला. तपकिरी, हाताने तुकडे पडणारा, आत काळ्या दगडाच्या कपच्या दिसणारा थर लागला. याचा गोळा बादलीत टाकला, रात्रभर ठेवला. सकाळी काढला तेव्हा वरची धूळ गेली होती, गोळा तसाच होता.

बादली आणि एक रात्र. यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही.

५ मे

नाल्यात उतरलो. खरं तर पहिल्याच दिवशी उतरायला हवं होतं. नाला म्हणजे कोणीतरी आधीच खणून ठेवलेला, दोनशे मीटर लांब खड्डा. काठाचा छेद उघडाच असतो.

काठ एकूण ३.४ मीटर उंच. वरून १.९ मीटर काळी, मग अर्धा मीटर पिवळी, आणि खालचा एक मीटर मुरूम. मुरूम जवळजवळ उभा आहे आणि शाबूत आहे. वरचा मातीचा २.४ मीटरचा भाग उभ्याला १.९ मीटर आडवा असा तिरपा, म्हणजे ५२ अंशांच्या आसपास. मे महिन्यात, ४४ अंश तापमानात, मुरमाच्या माथ्यावर हिरव्या गवताची एक रेघ होती. पाणी मातीतून झिरपत येतं, मुरमावर अडतं आणि तिथून बाहेर पडतं. ठिबकाचं पाणी आहे ते. ही रेघ मला आवडली नाही.

वर येऊन काठाच्या मागे जमीन पाहिली. भेगा तर सगळीकडे आहेत, काळी माती आहे म्हटल्यावर असणारच. त्या भेगा बहुकोनी असतात, कासवाच्या पाठीसारख्या. पण काठापासून २.२ मीटरवर एक भेग अशी होती जी काठाला समांतर अकरा मीटर गेली होती आणि तिची नाल्याकडची बाजू मागच्या बाजूपेक्षा बोटभर खाली होती. सुकण्याची भेग अशी पायरी करत नाही. हा तुकडा निघाला आहे, पडायचा बाकी आहे.

काकांनी ठोकलेल्या खुंट्या या भेगेपासून ८० सें.मी. मागे.

६ मे

रात्री उताराचं गणित केलं. टेलरच्या पद्धतीत चिकण मातीच्या उताराला एक अंक मिळतो. ५३ अंशांपेक्षा कमी उताराला तो जास्तीत जास्त ०.१८१.

F = c / (N × γ × H) = ३.५ / (०.१८१ × १.८ × २.४) = ४.५

c ही कातर ताकद, N तो अंक, γ मातीचं घनमीटरचं वजन, H उंची. F म्हणजे सुरक्षितता, एकच्या खाली गेली की उतार कोसळतो. इथे साडेचार! दीड आला तरी आपण पुढे जातो. आणि भेग मात्र जमिनीवर उघडी आहे.

कागद आणि जमीन यांत भांडण असलं तर जमीन खरी. चूक कुठे आहे ते शोधायला अर्धी रात्र गेली. ३.५ टन ही सलग, न फुटलेल्या मातीची ताकद आहे आणि ते गणित पटकन होणाऱ्या घसरणीचं आहे. काठावरची माती सलग नाही. दर उन्हाळ्यात ती दीड-दोन मीटर खोल चिरते, पहिल्या पावसाचं पाणी त्या चिरांत भरतं, चिरेच्या दोन्ही बाजू मऊ होतात. पंधरा-वीस वर्षं हे चाललं की मातीचा चिकटपणा बराचसा जातो आणि फक्त कणांचं घर्षण उरतं. अशी घसरण खोल गोलाई घेऊन होत नाही. मीटरभर जाडीचा पापुद्रा उताराला समांतर सुटतो.

म्हणून दुसरं गणित. एक मीटर जाड थर, पूर्ण भिजलेला, पाणी उताराच्या दिशेनं झिरपतंय. घर्षणाचा कोन २२ अंश, चिकटपणा फक्त अर्धा टन. हे दोन्ही आकडे मी मऊ झालेल्या काळ्या मातीसाठी सावधपणे धरले आहेत, मोजलेले नाहीत. उतार एकास दोन, म्हणजे उभ्याच्या दुप्पट आडवा असेल तर सुरक्षितता १.०६. एकास तीन असेल तर १.४८.

११ मे

धरलेले आकडे पटतात का ते पाहायला पुन्हा नाला. पूर्वी ढासळून नंतर स्थिर झालेले, गवत-बाभूळ धरलेले सात काठ शोधले. दोरी, ओळंबा आणि टेप घेऊन उतार मोजले. सर्वात उभा एकास १.८, सर्वात सपाट एकास २.४. म्हणजे निसर्गानंही साधारण एकास दोनवरच हात टेकले आहेत. जेमतेम उभे राहणारे उतार आहेत हे, आणि गणितही १.०६ म्हणजे जेमतेमच म्हणतं. हे जुळलं तेव्हा २२ अंशांवर माझा विश्वास बसला.

आता खोली कुठे, ते सरळ आहे. मुरमाच्या माथ्यापासून एकास तीनची रेघ वर काढायची: २.४ मीटर उंचीला ७.२ मीटर आडवं. त्यातले १.९ मीटर उतारातच गेले, उरले काठापासून ५.३. नाला काठ खातो त्याचं वेगळं. काका म्हणतात दहा वर्षांपूर्वी जी बाभूळ काठापासून "दीड पावलं आत" होती ती आता नाल्यात पडली आहे. त्यासाठी दीड मीटर. एकूण ६.८. मी आठ ठेवले.

मुरमापर्यंत कॉलम नेऊन केलेला पाया काठाजवळ असला तरी तो स्वतः घसरत नाही, हे खरं. पण त्याच्या वरची दोन मीटर माती सरकताना कॉलमला बाजूनं ढकलते, आणि कॉलम त्यासाठी बनवलेला नसतो. म्हणून सगळी खोलीच मागे.

१२ मे

काकांना सांगितलं. आठ मीटर मागे म्हणजे संत्र्याची दोन झाडं जाणार. मृग बहाराची, भरात आलेली. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदावर साडेचार आलं म्हने तू. मंग कायले हलवतं?"

काकूनं सांगितलं असावं. मी त्यांना भेगेपाशी नेलं आणि पायरीवर पाय ठेवायला लावला. त्यांनी बोटांनी खोली मोजली. "हे मागच्या साली नव्हतं," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी झाडं स्वतः तोडून घेतली, मला फोनवर सांगितलं.

भेगेच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांच्या चार जोड्या ठोकल्या. डोक्यावर खिळा, खिळ्यापासून खिळ्यापर्यंतचं अंतर दर रविवारी काकांनी टेपनं मोजून मला पाठवायचं. आज चारही जोड्यांत बरोबर १,००० मि.मी.

१९ मे ते ८ जून

नव्या जागी मुरूम २.१ मीटरवर लागला. चारही खड्ड्यांत बादली चाचणी केली. एका कोपऱ्यात २० सें.मी. जास्त खणावं लागलं. कॉलमवर सरासरी साडेआठ टन येतात, टाकीखालच्या कोपऱ्यात १२ धरले. कॉलमखालच्या १.१ मीटर चौरस फुटिंगला ते १० टन प्रति चौ.मी. मुरमाला इकडे २० टन धरतात. एक मजली कामाला आणि भिजवून घट्ट राहिलेल्या मुरमाला मी ते मान्य केलं. मोठ्या कामाला प्लेट लोड चाचणीशिवाय करू नये.

दोन गोष्टींवर वाद झाले.

एक, कॉलमभोवती भराव. मिस्त्रीला वाळू भरायची होती, कारण सगळे भरतात. वाळूतून पाणी थेट पायापर्यंत जातं आणि कॉलमच्या बाजूची काळी माती तिथूनच भिजते. मातीचा अंश असलेला मुरूम घेतला, अर्ध्या अर्ध्या फुटाच्या थरांत ठोकला. कॉलमला जाड प्लास्टिकचे दोन वेढे दिले, म्हणजे फुगणारी माती कॉलमला धरून वर ओढणार नाही. हे यंदा जास्त महत्त्वाचं आहे. भिंती पावसाळ्यानंतर होणार. तोवर कॉलमवर वजनच नाही.

दोन, प्लिंथ बीम. तो जमिनीवर टेकवायचा नाही, खाली ८ सें.मी. मोकळी फट ठेवायची. फुगलेली माती त्या फटीत येईल, बीमला लागणार नाही. काकांचा सवाल: "अन् त्यातून साप आला तं?" सापाला माझ्या गणितात जागा नव्हती. बाहेरून बारीक जाळी आणि आतून कडप्प्याच्या उभ्या फरश्या, बीमला न जोडलेल्या, असं ठरलं.

आतल्या जमिनीसाठी दोन फूट काळी माती काढून, प्लिंथपर्यंत सगळा मिळून मीटरभर न फुगणाऱ्या पण चिकट मुरमाचा थर. ही कल्पना आयआयटी मुंबईच्या प्रा. कट्टींची, काळ्या मातीतल्या कालव्यांच्या कामात रुजलेली. बाहेर मीटरभर फरसबंदी, उतार बाहेरच्या दिशेनं. ती नसती तर मुरमाचा तो खड्डा पाण्याची परात झाला असता.

८ जूनला बीम झाला. कॉलमवर लाल रेघ मारून तिथून फटीखालच्या जमिनीवर ठेवलेल्या फरशीच्या तुकड्यापर्यंत अंतर मोजलं. कॉलम मुरमावर आहे, तो हलणार नाही. हलेल ती जमीन. फट ८० मि.मी.

३० जून

पाऊस सुरू होऊन दहा दिवस. फट ७१. खुंट्या: १,००३, १,००२, १,००४, १,००२.

२८ जुलै

फट ५२. खुंट्या १,००९ ते १,०१४. नाला दोनदा भरून वाहिला. भरलेला असताना खुंट्या हलल्या नाहीत, हे काकांनीच लक्षात आणून दिलं.

२५ ऑगस्ट, पोळ्याआधी

गुरुवारी रात्रभर पाऊस, शुक्रवारी नाला काठोकाठ. शनिवारी दुपारपर्यंत पाणी दोन मीटर उतरलं. शनिवारी संध्याकाळी काकांचा फोन: "गेलं."

भेगेच्या पुढचा तुकडा, अकरांपैकी सात मीटर लांबीचा, खाली बसला. दोन जोड्यांच्या पुढच्या खुंट्या चिखलात आहेत. पूर असताना नाल्याचं पाणीच काठाला बाहेरून टेकू देतं. पाणी झपाट्यानं उतरलं की टेकू जातो, माती मात्र पाण्यानं जड, आतला दाब कायम. म्हणून काठ पुरात नाही, पुरानंतर पडतो. नाला ओसरल्यावर काठावर ट्रॅक्टर नेऊ नका असं काकांना सांगितलं. ते म्हणाले त्यांचे वडीलही हेच सांगायचे, कारण मात्र सांगायचे नाहीत.

नवा काठ पूर्वीच्या काठापासून २.२ मीटर आत आला. भेग होती अगदी तिथे. खोलीपासून तो आता ५.८ मीटर. म्हणजे दहा वर्षांसाठी ठेवलेले दीड मीटर एका दुपारी गेले आणि वर आणखी. हे माझ्या हिशेबात नव्हतं. मी काठ दरवर्षी थोडा थोडा सरकेल असं धरलं होतं. तो तुकड्यातुकड्यानं जातो. मात्र पडलेली माती आता पायथ्याशी ढीग होऊन बसली आहे आणि उतार बराच सपाट झाला आहे. ती जेसीबीनं उचलून शेतात टाकायचा काकांचा बेत होता. थांबवला. तो ढीग हाच आता टेकू आहे.

फट ४३.

२० ऑक्टोबर

फट ५८, जमीन परत खाली जातेय. म्हणजे जमीन पावसाळ्यात ३७ मि.मी. वर आली होती आणि बीमला कुठे लागली नाही. चारही कॉलमच्या लाल रेघा लेव्हल पाइपनं तपासल्या, एकमेकांशी फरक मि.मी.च्या आत.

नव्या काठामागे फिरलो. समांतर भेग दिसली नाही. उरलेल्या चार मीटरांत जुनी भेग आहे, तिथल्या दोन जोड्या १,०२६ आणि १,०३१. नव्या काठामागे दीड आणि तीन मीटरवर खुंट्यांच्या नव्या जोड्या ठोकल्या. हिरव्या गवताच्या रेघेसाठी खोलीच्या वरच्या अंगाला मुरमापर्यंत चर खणून, गिट्टी भरून, पाणी खालच्या बांधाला काढायचं ठरलं. उरलेल्या ओळीतल्या ठिबकाचे गळके जोड काका बदलत आहेत.

विटा सोमवारी येतील.